मजुरीचा फरक: रेट किती, एफिशियन्सी किती? (गारमेंट युनिटवाल्यांची प्रश्नोत्तरे)

प्रश्न (कुंडई, अकाउंटंट): आमचं छोटं युनिट आहे, हॉटेल स्टाफचे हाफ शर्ट शिवतो. सप्टेंबरचं बजेट १२,००० शर्ट, दर शर्टाला अर्धा तास, तासाला ₹९०, म्हणजे मजुरी ₹५,४०,०००. प्रत्यक्षात १०,००० शर्ट पास झाले, ५,६०० तास भरले, मजुरी ₹५,३१,२०० गेली. मालक म्हणतात ₹८,८०० वाचले, मला ते पटत नाही पण दाखवायचं कसं? मस्टर आणि ओव्हरटाइमचं शीट सोबत पाठवतेय.

तुम्हाला पटत नाही ते बरोबरच आहे. ५,४०,००० हा १२,००० शर्टांचा खर्च होता आणि तुम्ही शिवले १०,०००, मग दोन्ही आकडे शेजारी ठेवून वजाबाकी करायचीच नाही. आधी विचारायचं की १०,००० शर्टांना किती मजुरी लागायला हवी होती. १०,००० गुणिले अर्धा तास म्हणजे ५,००० तास, ९० च्या दराने ₹४,५०,०००. गेले ५,३१,२००. म्हणजे वाचलं काहीच नाही, उलट ₹८१,२०० जास्त गेलेत.

आता या ८१,२०० चे दोन भाग करू. तुम्ही पैसे दिले ५,६०० तासांचे, ते सगळे ठरलेल्या ९० नेच दिले असते तर ५,०४,००० झाले असते. प्रत्यक्षात ५,३१,२०० गेले, हा ₹२७,२०० चा फरक रेटचा. आणि काम ५,००० तासांचं होतं, लागले ५,६००, जास्तीचे ६०० तास गुणिले ९० म्हणजे ₹५४,००० हा एफिशियन्सीचा. दोन्ही मिळून बरोबर ८१,२००. रेटच्या भागात प्रत्यक्षातले तास घ्यायचे आणि एफिशियन्सीच्या भागात ठरलेला दर घ्यायचा, यातलं एकच उलट झालं की बेरीज जुळत नाही, आणि जुळली नाही की लोक कुठेतरी "इतर" म्हणून एक ओळ घालून मोकळे होतात, तसं करू नका.

अजून एक, सरासरी दर काढून मग गुणाकार करत बसू नका. ५,३१,२०० भागिले ५,६०० म्हणजे ९४.८५७ असं काहीतरी येतं, कोणीतरी ते ९५ करतं आणि रेटचा फरक २७,२०० ऐवजी २८,००० होऊन बसतो. एक्सेलमध्ये थेट एकूण मजुरीवरूनच काढा. B2 मध्ये पास झालेले शर्ट, B3 मध्ये दर शर्टाचे ठरलेले तास, B4 मध्ये ठरलेला दर, B5 मध्ये भरलेले तास, B6 मध्ये दिलेली मजुरी:

```
=B6-B5*B4
=(B5-B2*B3)*B4
=B6-B2*B3*B4
```

पहिली ओळ रेट, दुसरी एफिशियन्सी, तिसरी एकूण. उत्तर प्लसमध्ये आलं तर खर्च जास्त झालाय, म्हणजे ॲडव्हर्स. पहिल्या दोघींची बेरीज तिसरीएवढी आलीच पाहिजे.

प्रश्न (मडकई, प्रॉडक्शन सुपरवायझर): आमच्याकडे रेटचा फरक आला की एचआरला विचारतात आणि एफिशियन्सीचा आला की मला. ओव्हरटाइम मात्र कधी त्यांच्या खात्यात तर कधी माझ्या. खरं कुणाचं?

दोन ओळींवरून हे कळणारच नाही, त्या ओळी आणखी फोडाव्या लागतात. वरच्या कुंडईच्या युनिटचेच आकडे घेतो कारण त्यांचं मस्टर माझ्यासमोर आहे.

त्यांच्या रेटच्या २७,२०० मध्ये दोन गोष्टी निघाल्या. पहिली ओव्हरटाइम. महिनाअखेरीला डिलिव्हरी गाठायला २४० तास ओव्हरटाइम झाला, ओव्हरटाइमला कायद्याने दुप्पट दर, म्हणजे साध्या दरावर तेवढाच वर. टेलर आणि हेल्पर धरून हा वरचा भाग ₹२१,६०० झाला. दुसरी गोष्ट चवथीची. धागे कापणारे आणि पॅकिंगचे हेल्पर बहुतेक आसपासच्या गावांतले, चवथीला ते घरी असणारच, मग त्या दिवसांत ३५० तास टेलरांनीच धागे कापले. टेलर तासाला ९६, हेल्पर ८०, फरक १६, म्हणजे ₹५,६००. कुणाचा पगार वाढलेला नाही, एचआरने काही चुकीचं केलेलं नाही, तरी आकडा रेटच्या ओळीत येतो कारण महागड्या हातांनी स्वस्त काम केलं.

आता एफिशियन्सीचे ६०० तास बघा. त्यातले २६० तास लोक मशीनवर बसून होते आणि काम नव्हतं, १६० तास लाइट गेल्यामुळे आणि १०० तास कापड उशिरा आल्यामुळे. हे वेगळ्या ओळीत काढा, आयडल टाइम म्हणून, ₹२३,४००. उरले ३४० तास, ₹३०,६००, तेवढीच खरी लाइनची एफिशियन्सी. तुम्हाला जाब विचारायचा तर तो या ३०,६०० चा.

आणि आता मुद्द्याची गोष्ट. आयडल गेले २६० तास आणि ओव्हरटाइम झाला २४०. हे आकडे इतके जवळ आहेत की तारखा बघाव्याच लागतात, आणि तारखा बघितल्या तर आयडल सगळा महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात आणि ओव्हरटाइम शेवटच्या आठवड्यात. म्हणजे जे तास आधी बुडाले तेच नंतर दुप्पट दराने विकत घेतले. म्हणून रिपोर्टमध्ये ओव्हरटाइमचे २१,६०० रेटच्या ओळीतच ठेवा, गणिताची जागा तीच आहे, पण शेजारी शेरा लिहा की कारण आयडल टाइम. दोन्ही मिळून ₹४५,०००, एकूण ८१,२०० मधला अर्ध्याहून मोठा भाग, आणि त्याचं उत्तर एचआरकडेही नाही नि तुमच्याकडेही नाही, ते कापड मागवणाऱ्याकडे आणि जनरेटरचा निर्णय घेणाऱ्याकडे आहे. माझं कळकळीचं सांगणं आहे की हा शेरा लिहिल्याशिवाय रिपोर्ट वर पाठवू नका, नुसता आकडा गेला की चुकीच्या माणसाला बोलणी बसतात.

मात्र यासाठी आयडल टाइमची नोंद त्याच दिवशी व्हायला हवी, कुठली लाइन, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, किती माणसं, कारण काय. महिनाअखेरीला आठवून लिहिलेला आयडल टाइम ओळखता येतो, तो नेहमी गोल आकड्यात असतो आणि बरोबर एफिशियन्सीची तूट झाकेल एवढाच असतो.

प्रश्न (वेर्णा, कॉस्टिंग असिस्टंट): आमच्या शर्टाचा सॅम १८ मिनिटं आहे. त्यावरून काढलं तर एफिशियन्सी दर महिन्याला लाखांनी ॲडव्हर्स येते. काही चुकतंय का?

सॅम चुकलेला नसेल, तो जिथे वापरताय ती जागा चुकतेय. सॅम म्हणजे सराव असलेला ऑपरेटर शंभर टक्के वेगाने काम करेल तेव्हाची मिनिटं, आणि सगळी लाइन शंभर टक्क्यांवर महिनाभर चालत नाही. १०,००० शर्टांना १८ मिनिटांनी ३,००० तासच होतात, भरलेले ५,६०० असले तर २,६०० तास गुणिले ९०, म्हणजे ₹२,३४,००० ॲडव्हर्स. असा आकडा दर महिन्याला आला की तो कुणी वाचतच नाही.

कॉस्टिंगसाठी सॅमला प्लॅन केलेल्या एफिशियन्सीने भागा. ६० टक्के धरली तर १८ भागिले ०.६० म्हणजे ३० मिनिटं, वरच्या युनिटचा अर्धा तास आला तो असाच. आणि ऑर्डरची किंमत सांगताना जी टक्केवारी धरली होती तीच इथे धरायची, नाहीतर रिपोर्ट एका शर्टाबद्दल बोलतो आणि कोटेशन दुसऱ्याच.

नवीन स्टाइल लाइनवर चढते तेव्हा आणखी एक भानगड होते, पहिले दोन-तीन दिवस हात बसत नाही. समजा पहिल्या दिवशी ४० टक्के आणि दुसऱ्या दिवशी ५० टक्के धरलं, तर त्या दिवसांच्या शर्टांचं स्टँडर्ड ४५ आणि ३६ मिनिटं घ्या आणि मग ३० वर या. ही टक्केवारी मागच्या दोन-चार स्टाइल्सच्या रोजच्या आउटपुटवरून ठरवा आणि महिना सुरू व्हायच्या आधी ठरवा, महिना संपल्यावर नाही, कारण मग स्टँडर्ड हवं तसं वाकवायचा मोह होतो. छोट्या ऑर्डरींचं युनिट असेल, आठवड्याला स्टाइल बदलत असेल तर हे केल्याशिवाय एफिशियन्सीच्या आकड्याला अर्थच नाही.

प्रश्न (थिवी): महिनाअखेरीला लाइनवर अर्धवट शिवलेले बंडल असतात. ते मोजायचे का?

मोजायचेच, नाहीतर त्यांच्यावर गेलेले तास या महिन्यात धरले जातात आणि शर्ट पुढच्या महिन्यात, मग एक महिना वाईट दिसतो आणि पुढचा फुकटचा चांगला. समजा १०,००० शर्ट पूर्ण झाले, अखेरीला ६०० शर्ट निम्मे झालेले (म्हणजे ३०० पूर्ण धरा) आणि महिन्याच्या सुरुवातीला मागचे २०० निम्मे होते (ते १०० वजा), तर काम झालं १०,२०० शर्टांचं, ५,१०० तासांचं. तेच ५,६०० तास भरले असतील तर एफिशियन्सीचा फरक ५४,००० चा ४५,००० होतो. निम्मं झालंय की नाही हे ऑपरेशनं मोजून ठरवू नका, मिनिटांवरून ठरवा, कारण कॉलर बसवणं आणि बटण लावणं यांना सारखा वेळ लागत नाही. आणि दुरुस्तीला परत आलेला शर्ट दुसऱ्यांदा आउटपुटमध्ये धरायचा नाही. त्याचे तास मात्र राहू देत, ते खरंच गेलेत.

प्रश्न (डिचोली): चवथीच्या आधी बोनस देतो, त्या महिन्याचा रेट दरवर्षी फुगतो. काय करू?

बोनस वर्षभराचा असतो, एका महिन्याच्या मजुरीत टाकला तर रेट फुगणारच, आणि त्या गर्दीत ओव्हरटाइमचा खरा फरक लपून जातो. कायद्याने किमान ८.३३ टक्के द्यावाच लागतो, म्हणजे आकडा आधीच माहीत असतो, तर दर महिन्याला तेवढी तरतूद करा. ती तासाच्या ठरलेल्या दरात मिळवा किंवा ओव्हरहेडमध्ये घाला, दोन्ही चालतं, पण बजेटमध्ये एक आणि प्रत्यक्षात दुसरं असं नको. चवथीच्या भरपगारी सुट्टीचंही तसंच, त्या दिवशी पगार जातो पण मशीनवर तास नसतात, म्हणून तो पगार वरच्या B6 मध्ये येऊ देऊ नका.