मळमळीसाठी सवलत मागताना अर्जात काय लिहावे?

प्रश्न: दुसरा महिना चालू आहे आणि दिवसभर मळमळते. कामात अधूनमधून दहा मिनिटे थांबण्याची आणि येण्याच्या वेळेची सवलत साहेबांकडे कशी मागावी? कायद्याने मिळते का?

कायद्याचे आधी सांगून टाकते. 1961 चा मातृत्व लाभ कायदा आणि त्यातील तरतुदी पुढे चालवणारी 2020 ची सामाजिक सुरक्षा संहिता यांत दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातील मळमळीसाठी मधूनमधून विश्रांती द्यावी किंवा उशिरा येऊ द्यावे, असे कोणतेही कलम नाही. कष्टाचे किंवा सतत उभे राहण्याचे काम नाकारता येते, पण ती मुभा प्रसूतीच्या अंदाजित तारखेआधीच्या साधारण अडीच महिन्यांपुरती आहे. तुमच्या कामी येईल अशी तरतूद वेगळीच आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. गरोदरपणामुळे उद्भवलेल्या आजारासाठी, वैद्यकीय दाखला दिल्यास, नेहमीच्या प्रसूती रजेव्यतिरिक्त जास्तीत जास्त एक महिन्याची पगारी रजा मागता येते. म्हणजे साहेबांपुढे खरा प्रश्न ‘सवलत द्यायची की नाही’ असा नसून ‘दहा-दहा मिनिटे द्यायची की महिनाभर माणूस गमवायचा’ असा आहे. हे बोलून दाखवू नये, परंतु दाखला अर्जासोबत जोडावा. समजायचे ते समजले जाते.

मी त्या काळी ठाणे जिल्ह्यातील एका सहकारी बँकेच्या शाखेत रोख काउंटरवर होते. रोखपालाला ‘जरा जाऊन येते’ म्हणता येत नाही. पैशांचा खण कुलूपबंद करायचा, किल्ली जवळ घ्यायची, संगणकावरून बाहेर पडायचे, ‘काउंटर बंद’ची पाटी लावायची आणि समोरच्या रांगेचे बोलणे ऐकत उठायचे, एवढे सगळे उमासा दाबून करावे लागते. मी आधी तोंडी विचारले. शाखाधिकारी म्हणाले, ‘सगळ्याच बायकांना होतं हो, दोन महिन्यांत थांबेल.’ शेजारच्या टेबलावरील एका वरिष्ठ मॅडमनी त्यात भर घातली, की त्यांनी नवव्या महिन्यापर्यंत एकही तक्रार न करता नोकरी केली आणि हल्लीच्या मुलींना सगळ्याचेच कौतुक हवे असते.

तोंडी विनंतीला असेच तोंडी उत्तर मिळते, म्हणून मी अर्ज लिहिला. त्यात ‘मला फार त्रास होतो, कृपया सहकार्य करावे’ असे एकही वाक्य ठेवले नाही, कारण त्यावर निर्णय काय घ्यायचा हे वाचणाऱ्याला कळत नाही. त्याऐवजी साधारण असे लिहिले: ‘मी गरोदर असून सोबत डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. सकाळच्या वेळेत उलट्यांमुळे काउंटर अचानक सोडावा लागतो आणि त्यामुळे रोख मोजण्यात चूक होण्याचा धोका आहे. सोळावा आठवडा पूर्ण होईपर्यंत मला रोख काउंटरऐवजी धनादेश व व्हाउचर तपासणीचे काम द्यावे, साडेदहापर्यंत येण्याची मुभा द्यावी आणि साधारण दर दोन तासांनी दहा मिनिटे उठू द्यावे. राहिलेला वेळ मी संध्याकाळी भरून देईन.’ रोखीत तूट आली तर ती रोखपालाच्या अंगावर येते आणि चौकशी शाखाधिकाऱ्यांची होते, हे त्यांना निराळे समजावून सांगावे लागले नाही. तेच एक वाक्य त्यांनी दोनदा वाचले.

‘उद्या सगळेच मागतील’ ही त्यांची पुढची शंका होती आणि ती अगदीच निराधार नव्हती, कारण माझा काउंटर कोणीतरी सांभाळणार होते. तेव्हा ज्या सहकाऱ्याने सकाळचा काउंटर घेतला, त्याचे दिवसअखेरचे ताळा जुळवण्याचे आणि व्हाउचरांचे गठ्ठे बांधण्याचे काम मी घेतले. त्याला डोंबिवलीची लवकरची गाडी मिळू लागली आणि कुरकुर तिथेच संपली. जेवणाची वेळही मी अर्धा तास पुढे ढकलून घेतली. दीडच्या सुमारास सर्वांचे डबे एकदम उघडत आणि कोणीतरी सुकटाची चटणी गरम करायला ठेवत असे. एरवी मी त्या चटणीसाठी स्वतःहून ताट पुढे करणारी आहे, पण त्या काळात तो वास जिन्यापर्यंत पाठलाग करी.

सोळावा आठवडा मी उगाच लिहिला नव्हता. शेवटच्या पाळीपासून मोजल्यास मळमळ साधारण सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होते, आठव्या ते दहाव्या आठवड्यात सर्वांत तीव्र असते आणि बहुतेकींची चौदाव्या-सोळाव्या आठवड्यापर्यंत ओसरते. शेवट दिसणारी मागणी साहेबांना मंजूर करणे सोपे जाते, आणि त्रास राहिलाच तर त्या तारखेला नवा दाखला देऊन मुदत वाढवून मागता येते. आपल्याकडे ‘तीन महिने भरेपर्यंत कोणाला सांगू नये’ असा दंडक आहे. मला तो नोकरी करणाऱ्या बाईच्या बाबतीत निरुपयोगी वाटतो, कारण ज्या आठवड्यांत सवलत हवी असते नेमके तेच आठवडे गुप्ततेत जातात. ऑफिसभर सांगू नका, पण साहेबांना सांगा आणि अर्जावर ‘गोपनीय’ लिहा.

दर दोन तासांनी उठण्यामागे चैन नसते. पोट रिकामे राहिले की मळमळ वाढते, त्यामुळे कोरडे काहीतरी थोडे थोडे खावे लागते आणि पाणी घोटाघोटाने प्यावे लागते. काउंटरवर बसून ते जमत नाही. डॉक्टर डॉक्सिलामाइन आणि बी-6 जीवनसत्त्वाची गोळी देत असतील तर तिने झोप येते, म्हणून सकाळी उशिरा येण्याच्या मागणीला तेही एक रास्त कारण आहे आणि दाखल्यात ते लिहून घ्यावे.

राहता राहिल्या त्या मॅडम, कारण अशा एक मॅडम तुमच्या ऑफिसातही असतील. ‘मला झालं नाही, म्हणजे तुझ्या मनाचे खेळ’ या युक्तिवादाला तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते. डिसेंबर 2023 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात जे संशोधन आले, त्यानुसार गर्भाकडून आईच्या रक्तात येणारे जीडीएफ15 नावाचे संप्रेरक या मळमळीस मोठ्या प्रमाणात कारणीभूत असते, आणि गरोदरपणापूर्वी ज्यांच्या शरीरात त्याचे प्रमाण कमी असते त्यांना त्याचा तडाखा अधिक बसतो. तेव्हा एकीला काहीच न होणे आणि दुसरीला पाणीही न पचणे, दोन्ही खरे असू शकते, आणि त्यात सोशिकपणाचा काही संबंध नाही. त्या मॅडम आता निवृत्त झाल्या आहेत, नाहीतर तो लेख मी त्यांच्या टेबलावर ठेवला असता.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. तुम्ही कर्मचारी राज्य विमा योजनेत येत असाल तर आजाराच्या त्या एक महिन्याचे पैसे कंपनीऐवजी विमा महामंडळाकडून येतात, आणि सरकारी नोकरीत रजेचे नियम स्वतंत्र असतात. अर्जात कलम लिहिण्याआधी आपण कुठे बसतो ते पाहावे. आणि दिवसभर पाणीही टिकत नसेल, लघवी गडद व फार कमी होत असेल, उभे राहताच चक्कर येत असेल किंवा वजन झपाट्याने घटत असेल, तर ही बाब अर्जाची उरत नाही. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, सलाइनची गरज लागू शकते. साहेबांनी ‘बघू’ एवढेच तोंडी म्हटले तर संध्याकाळी मेल टाकावा: ‘आज झालेल्या बोलण्याप्रमाणे मी सोमवारपासून साडेदहाला येत आहे, यात बदल हवा असल्यास कळवावे.’ माझ्या साहेबांनी अशा मेलला कधीच उत्तर दिले नाही, आणि हजेरीत कधी लाल शेराही मारला नाही.