रात्री साडेअकराला सुचलेलं उत्तर

नमस्कार मावशी,
सिव्हिल लाइन्सच्या एका ऑफिसात मी लेखा विभागात आहे. मागच्या सोमवारी मीटिंगमध्ये आमचे साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडमला काय, पाच वाजले की मेट्रो पकडायची घाई." सगळे हसले, मीही हसले. रात्री साडेअकराला ओटा पुसताना सुचलं, "सर, मार्चएंडला मी निघाले तेव्हा शेवटची मेट्रोसुद्धा निघून गेली होती." मग झोपच लागली नाही. महालक्ष्म्यांच्या जेवणातही तेच झालं. नणंद म्हणाली, "वहिनीची आंबील यूट्यूबवरची दिसते," आणि मी गप्प. माझ्या जाऊबाईंचं उत्तर मात्र समोरच्याचं वाक्य संपायच्या आत तयार असतं. माझं डोकंच स्लो आहे का? पटकन बोलायची काही प्रॅक्टिस करता येते का?
– उशिरा सुचणारी, त्रिमूर्तीनगर

उशिरा सुचणाऱ्या बाई,

डोकं स्लो नाही. फ्रान्समध्ये अठराव्या शतकात दनी दिदरो नावाचा लेखक होऊन गेला. 28 खंडांचा ज्ञानकोश संपादित केलेला माणूस. एका मोठ्या घरच्या जेवणाच्या टेबलावर कुणीतरी त्याला एका वाक्यात गप्प केलं. नंतर त्याने लिहून ठेवलं, की माझ्यासारख्या हळव्या माणसाची मती अशा वेळी गुंग होते आणि जिना उतरून खाली आल्यावर ठिकाणावर येते. तुझा जिना म्हणजे तुझा ओटा, एवढाच काय तो फरक.

आता हे होतं कशामुळे ते बघ, कारण प्रॅक्टिस त्यातूनच निघते. साध्या गप्पांमध्ये एकाचं बोलणं संपलं की दुसरा सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागात बोलायला लागतो. दहा वेगवेगळ्या भाषांच्या गप्पा मोजून अभ्यासकांनी हे 2009 मध्ये दाखवलं. पण मनात एक साधा शब्द जुळवून तो तोंडातून काढायला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. हा हिशेब बसतो तो एकाच कारणाने. समोरचा बोलत असतानाच आपण त्याचं वाक्य कुठे जाणार हे ओळखतो आणि उत्तराची जुळवाजुळव सुरू करतो. "त्या बिलाचं काय झालं?" असं विचारलं तर तूही साहेबांचा प्रश्न संपताक्षणी सांगतेस.

टोमण्यात नेमका हा अंदाज चुकतो. वाक्य सरळ सुरू होतं आणि डंख शेवटच्या एकदोन शब्दांत असतो. तो कळेपर्यंत तुझी बोलायची पाळी आलेली असते. त्यात मन उत्तराच्या मागे लागतच नाही. कोण हसलं, माझा चेहरा पडला का, साहेब मनातून असंच समजतात का, याच्या मागे लागतं. एका वेळी मनात फार थोड्या गोष्टी धरता येतात आणि ती जागा या प्रश्नांनीच भरून जाते. रात्री साडेअकराला जागा मोकळी असते, बघणारं कुणी नसतं आणि मार्चएंडचा सगळा तपशील आठवत असतो. म्हणून तसं उत्तर रात्रीच तयार होतं. ते सोमवारी सकाळी अकरा वाजता सुचावं म्हणून धडपडशील तर कितीही प्रॅक्टिस केलीस तरी निराशच होशील. तो नाद सोड.

मग जाऊबाईंना कसं सुचतं? माझा अंदाज आहे की त्यांना सुचत नाही, त्यांच्याजवळ असतं. पुढच्या दोनचार कार्यक्रमांत त्यांच्या शेजारी बस आणि फक्त ऐक. पाचसहा वाक्यंच आलटून पालटून येताना दिसतील. आपल्या नागपुरात डिसेंबरात अधिवेशन भरतं तेव्हा मोठमोठे लोकही हेच करतात. तारांकित प्रश्नाला मंत्री उभे राहून खडाखडा बोलतात, वरून आलेल्या उपप्रश्नालाही अडखळत नाहीत. त्यामागे कोणता उपप्रश्न येईल याचा अंदाज बांधून अधिकाऱ्यांनी आधीच करून दिलेली टिपणं असतात. आणि ज्याचं टिपण नाही त्यासाठीही वाक्य तयारच असतं, "माहिती घेऊन सांगतो."

तुलाही असंच टिपण करायचं आहे. एक वही घे. साहेब जे बोलले ते त्यांच्याच शब्दांत लिही, शेजारी तू काय केलंस ते, आणि तिसऱ्या रकान्यात रात्री सुचलेलं. किती वाईट वाटलं ते लिहू नकोस, त्याने वही भरते पण हाती काही लागत नाही. तीनचार आठवड्यांत तुझ्या लक्षात येईल की माणूस रोज नवा टोमणा मारत नाही. वेळेवरून एक, घरसंसारावरून एक, "तुम्हाला नाही समजायचं" छापाचा एक, असे दोनतीन प्रकारच फिरून फिरून येतात. तयारी तेवढ्यांचीच करायची.

सोमवारचंच वाक्य घेऊ. तुझं रात्रीचं उत्तर मला फार आवडलं, मी खळखळून हसले. पण मीटिंगमध्ये ते चाललं नसतं. उत्तर तपासायची एक सोपी रीत आहे, त्यावर समोरचा काय म्हणेल ते बोलून बघायचं. साहेब म्हणाले असते, "मार्चला तर सगळेच थांबतात मॅडम." मग तू "पण सर मी..." म्हणून सुरू झाली असतीस आणि भर मीटिंगमध्ये आपल्या वेळेचा हिशेब देत बसली असतीस. त्यांना तेच पाहिजे होतं. शिवाय ते वाक्य लांब आहे. ताणात लांब वाक्याची जीभ मध्येच वळते.

त्याऐवजी हे बघ, "सर, कोणतं काम राहिलं?" चारच शब्द. यात विनोद नाही, सफाई नाही, राग नाही, आणि बोलायची पाळी पुन्हा त्यांच्याकडे गेली. काम खरंच राहिलं असेल तर ते नाव घेतील आणि तुमचं बोलणं कामावर येईल. त्यात तुझं काही बिघडत नाही. राहिलं नसेल तर त्यांना "अहो, गंमत केली" म्हणत मागे यावं लागेल. दोन्हीकडून तुझ्या अंगावर काही येत नाही. "तुम्हाला नाही समजायचं" यासाठी "समजावून सांगा सर, मी लिहून घेते" हे असंच बसतं. म्हणताना पेन खरंच हातात घे.

पण वाक्याच्याही आधी एक गोष्ट शिकायची आहे, ती म्हणजे न हसणं. तू हसलीस तेच तुझं उत्तर झालं. तुझी पाळी त्यात संपली आणि मीटिंग पुढच्या विषयावर गेली. ओठ मिटून साहेबांकडे नुसतं बघ, एक श्वास घे. गप्पांत एक पूर्ण सेकंद शांत गेला तरी आजूबाजूच्यांना काहीतरी बिनसल्यासारखं वाटतं, आणि तो अवघडलेपणा अशा वेळी बोलणाऱ्याच्या वाट्याला येतो. म्हणजे तुला वाटतो तितका वेळ कमी नसतोच.

आता प्रॅक्टिस. वाक्य नुसतं पाठ करून भागत नाही, ते कशाला तरी बांधावं लागतं. पीटर गोलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने यावर पुष्कळ काम केलं आहे. "मी ठामपणे बोलेन" असा मोघम निश्चय करण्यापेक्षा "अमुक झालं की मी तमुक करीन" असं ठरवलेलं वेळेवर जास्त आठवतं. तुझी खूण मी शोधून दिली, "मॅडमला काय". एवढे दोन शब्द कानावर पडले की हसू थांबवायचं आणि वाक्य काढून ठेवायचं. साहेबांचा डंख शेवटी येतो, तू मात्र त्यांच्या पहिल्या शब्दांपासून तयारीत असशील. जो वेळ तुला कमी पडत होता तो इथून मिळतो.

नवऱ्याला किंवा मैत्रिणीला साहेबांची वाक्यं चिठ्ठ्यांवर लिहून दे. त्यांनी कोणतीही चिठ्ठी उचलायची, साहेबांच्याच ठेक्यात म्हणायची आणि तू मोठ्याने उत्तर द्यायचं. मनातल्या मनात नाही, मोठ्याने. त्या गठ्ठ्यात निम्म्या चिठ्ठ्या निरुपद्रवी ठेव, "मॅडम, आज लवकर निघताय का?" अशा. नाहीतर साधं विचारणाऱ्यावरही तू बाण सोडशील. रोज पाच मिनिटं कर. रविवारी तासभर घासलेलं गुरुवारी आठवत नाही.

बिघडतं कुठे तेही सांगते. आवाज चढतो किंवा वाक्य पाठांतरासारखं भरभर येतं. फोनवर रेकॉर्ड करून ऐक, लगेच कळेल. बहुतेक वेळा वाक्य आपल्या बोलीतलं नसतं म्हणून तसं होतं. तू "काय राहून गेलं जी?" अशी बोलत असशील तर चिठ्ठीवरही तेच लिही, पुस्तकी मराठी नको. आणि वाक्य काढल्यावर लोक साहेबांऐवजी तुझ्याकडे चमकून बघायला लागले, तर समज की ते नको तिथे वापरलं गेलं.

एखाद्या सोमवारी काहीच निघालं नाही तर दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये जा. "काल पाच वाजताच्या घाईचं बोललात ते मला खटकलं. मार्चमध्ये मी किती वाजेपर्यंत बसत होते ते तुम्हाला माहीत आहे." रात्री सुचलेल्या उत्तरातला ऐवज इथे कामी येतो, फक्त त्यातली चमक काढून टाकायची. ती मीटिंगमधल्या प्रेक्षकांसाठी होती. दुसऱ्या दिवशीचं उत्तर उशिराचं असतं हे खरं, पण चौघांसमोर नसल्यामुळे साहेबांनाही ऐकून घेणं सोपं जातं.

शेरे अंगावर, कपड्यांवर किंवा लैंगिक अर्थाचे यायला लागले तर मात्र हजरजबाबीपणाचं काही काम नाही. तिथे वहीत तारीख, शब्द आणि कोण हजर होतं ते लिही. 2013 च्या कायद्याने दहा किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या ऑफिसात अंतर्गत समिती असायलाच पाहिजे, आणि घटनेपासून तीन महिन्यांच्या आत तिच्याकडे लेखी तक्रार देता येते.

राहिली नणंद. तिच्यासाठी वही नको, चिठ्ठ्याही नको. साहेबांच्या हातात तुझा वार्षिक अहवाल आहे, नणंदेच्या हातात फक्त आंबिलीची वाटी आहे, आणि ती तिने पुसून खाल्ली असणार. तिथे मनापासून हस आणि म्हण, "हो ना ताई, पुढच्या वर्षी तुम्ही करा, मी शिकते." आणि पुढच्या वर्षी खरंच ज्वारीच्या पिठाचं पातेलं तिच्यासमोर ठेव.

– मावशी