इंजिन सुरू होताना एसी गप्प का होतो?

प्रश्न: विमान निघायच्या आधी एसीचा आवाज एकदम बंद होतो आणि मग इंजिनाची घरघर सुरू होते. दोन्हींचा काही संबंध आहे का? इंजिन बॅटरीवर सुरू करतात का?

संबंध थेट आहे. एसी आणि इंजिनाचा स्टार्टर, दोघांनाही एकाच ठिकाणची हवा लागते.

विमानाच्या शेपटीत एपीयू नावाचं छोटं गॅस टर्बाइन असतं. बॅटरी लागते ती याला सुरू करायला. एकदा ते चाललं की त्याची गरम, दाबाची हवा म्हणजे ब्लीड एअर जाड नळ्यांतून इंजिनापर्यंत येते आणि तिथल्या मुठीएवढ्या नाही, पण एका माणसाला उचलता येईल अशा टर्बाइन स्टार्टरला फिरवते. तो गिअरबॉक्समधून इंजिनाच्या आतला, जास्त दाबाचा कॉम्प्रेसर फिरवतो. त्याचा वेग कॉकपिटमध्ये N2 म्हणून टक्क्यांत दिसतो. एवढा जोर विजेच्या मोटरने काढायचा तर ती बरीच जड होते (बोइंग ७८७ने मात्र तोच मार्ग घेतला).

मी देखभालीच्या कामात आहे; सुरू होताना खाली हेडसेट लावून उभं राहणं नेहमीचं. एकदा ७३७-८००चं इंजिन फिरायला लागलं, पण N2 १७ टक्क्यांवर येऊन थबकला. त्या इंजिनाला साधारण २५ टक्क्यांवर इंधन देतात. तेवढा वेग मिळतच नसेल तर जो जास्तीत जास्त मिळेल त्यावर, पण २० च्या खाली कधीच नाही. वैमानिकाने इंधन सोडणारा लिव्हर हलवला नाही, हे बरं केलं. इतक्या कमी वेगात आत हवा थोडी जाते, इंधन मात्र पेटतं, आणि ज्वाळेला थंड करणारी जास्तीची हवाच नसल्याने टर्बाइनची पाती भाजून निघतात. याला हॉट स्टार्ट म्हणतात. EGT, म्हणजे बाहेर पडणाऱ्या वायूचं तापमान, भराभर ७२५ अंशांच्या मर्यादेकडे धावताना दिसलं की इंधन तोडायचं.

आमच्या बाबतीत नळीतला दाबच कमी दिसत होता. कारण हसण्यासारखं: एसीची हवा थंड करणाऱ्या दोन यंत्रांपैकी, म्हणजे पॅकपैकी, एकाचा स्विच चालूच राहिला होता आणि स्टार्टरच्या वाटची हवा तो खात होता. स्टार्टर थांबवला, पॅक बंद केला, थोडं थांबून पुन्हा प्रयत्न केला. N2 सरळ २५ च्या वर गेला, पुढचा पंखा फिरतोय हे मी खालून सांगितलं, इंधन दिलं, काही सेकंदांत EGT वर चढलं. साधारण ५६ टक्क्यांना स्टार्टरचा व्हॉल्व्ह आपोआप बंद होतो; तिथून पुढे इंजिन स्वतःच्या बळावर ६० च्या आसपास आयडलला, म्हणजे नुसतं चालू राहण्याच्या वेगाला, पोचतं.

एअरबसच्या ए३२० मध्ये पॅकचे व्हॉल्व्ह सुरू करताना आपोआप मिटतात, त्यामुळे ही चूक तिथे होत नाही. आणि एपीयूच बिघडलेलं असेल तर जमिनीवरून हवेची गाडी जोडतात, एक इंजिन सुरू करतात, मग त्याचीच ब्लीड हवा दुसऱ्याला देतात.