सांगलीहून कास, सज्जनगड, ठोसेघर एका दिवसात: खर्च, वेळ आणि अपेक्षाभंग कसा मांडावा

प्रश्न: सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी आम्ही पाच जण (आईसुद्धा होती, वय ६६) सांगलीहून स्वतःच्या पेट्रोल गाडीने कास, सज्जनगड, ठोसेघर करून आलो. सकाळी ६ ला निघालो, रात्री १०.२० ला घरी. खर्च ६,२०० झाला, म्हणजे माणशी १,२४०. पेट्रोल, टोल, पार्किंग २,७५०, कासची तिकिटं ७५०, खाणंपिणं २,१००, कंदी पेढे ६००. पुढच्या माणसाला उपयोगी पडेल असं लिहून ठेवायचं आहे, पण कसं मांडू? ठोसेघरला धुक्यात काहीच दिसलं नाही आणि कासही फोटोंसारखं वाटलं नाही. हे लिहावं का? उगाच नावं ठेवल्यासारखं होईल असं वाटतं.

उत्तर:

पैशांच्या आधी घड्याळ मांडा, कारण या सहलीची खरी अडचण तिथेच आहे. ‘सकाळी निघालो, रात्री परतलो’ यातून वाचणाऱ्याला काही कळत नाही. प्रत्येक ठिकाणी पोचल्याची आणि तिथून निघाल्याची वेळ हवी. ती आठवून लिहू नका, फोनमध्ये सगळी सापडते. तासवडे टोलनाक्याचा फास्टॅगचा संदेश, प्रत्येक फोटोची वेळ, नाश्त्याचं आणि जेवणाचं यूपीआय पेमेंट एवढ्यावरून दिवस जवळपास मिनिटावर उभा राहतो.

तुमच्या निघायच्या-पोचायच्या वेळा आणि रविवारची गर्दी धरली, तर दिवस साधारण असा गेला असणार. वाटेत अर्धा तास नाश्ता करून सातारा ९.००. यवतेश्वराच्या घाटाने कासचं पार्किंग १०.१५. तिथून १२.४५ ला निघून साताऱ्यात परत २.००, जेवण करून ३.०० ला बाहेर. सज्जनगड ३.४० ते ५.००, ठोसेघर ५.३० ते ६.१०, सातारा ७.००, मग वाटेत पाऊण तासाच्या आत जेवण आणि १०.२० ला घर. तुमच्या नोंदींप्रमाणे आकडे बदला, पण त्याची बेरीज जरूर करा. वरच्या हिशोबात १६ तास २० मिनिटांपैकी ९ तास ४५ मिनिटं गाडीत गेली, २ तास ५ मिनिटं खाण्यात, आणि तिन्ही ठिकाणं मिळून बघायला उरले साडेचार तास. हे एक वाक्य सगळ्यात वर टाका. सांगलीहून एका दिवसात हे तिन्ही करावं की नाही, हा निर्णय वाचणारा त्यावरूनच घेईल.

नकाशाचं अ‍ॅप दाखवतं ती वेळ आणि तुम्हाला लागलेली वेळ, दोन्ही शेजारी लिहा आणि फरक का पडला तेही. महामार्गावर फरक थोडाच असतो. सातारा ते कास हे जेमतेम २५ किलोमीटर आहे, पण फुलांच्या हंगामातल्या रविवारी घाट, अरुंद रस्ता आणि पार्किंगची रांग यात सव्वा तास सहज जातो. तेच मंगळवारी निम्म्याच्या आसपास येतं. म्हणून वार लिहिल्याशिवाय वेळेला अर्थ नाही. दुसरं, पार्किंगला पोचलो म्हणजे पठारावर पोचलो असं नाही. तिथून पुढे चालण्यात किंवा बसची वाट बघण्यात गेलेली मिनिटं वेगळी दाखवा. ऑनलाइन बुकिंगमध्ये सकाळची वेळ घेतलेला माणूस याच मिनिटांत अडकतो.

क्रमाबद्दलही तुमचं मत लिहा. सज्जनगड आणि ठोसेघर दोन्ही बोगद्यातून जाणाऱ्या एकाच रस्त्याला, ठोसेघर पुढे. धबधब्याला उजेड लागतो, समाधी मंदिराला तेवढा लागत नाही. तेव्हा आधी लांबचं ठोसेघर, येताना सज्जनगड हा क्रम तुमच्यापेक्षा बरा. ठोसेघरला साडेपाचच्या ऐवजी चारच्या सुमारास पोचला असता. गडावर दुपारी महाप्रसाद असतो, पण कासची सकाळची वेळ घेतली की तो सहसा हुकतो. प्रसादाच्या भरवशावर जेवणाचा खर्च शून्य धरणाऱ्यांसाठी ही ओळ हवीच.

आता पैसे. ‘माणशी १,२४०’ हा आकडा गणिताने बरोबर आहे, पण दोघं जण जाणार असतील त्यांना तो फसवेल. खर्चाचे दोन भाग करा: गाडीमागे होणारा आणि माणसामागे होणारा. पेढे दोन्हींत धरू नका, ती घरी न्यायची खरेदी. मग उरतात ५,६००. त्यातले २,७५० गाडीचे, कितीही जण असोत तेवढेच. तिकिटं आणि खाणं मिळून २,८५०, म्हणजे माणशी ५७०. यावरून पाच जणांना माणशी १,१२०, तिघांना सुमारे १,४९० आणि दोघांना १,९४५. एकच सहल, पण दोघांना ती पाच जणांच्या पावणेदोनपट महाग पडते. हे दोन आकडे (गाडीमागे २,७५० आणि माणशी ५७०) ठळक लिहिले की बाकीचा हिशोब ज्याचा तो करेल.

पेट्रोल मात्र रुपयांत नुसतं लिहू नका, किलोमीटर आणि ॲव्हरेज लिहा. सगळं फिरणं मिळून साधारण ३६० किलोमीटर होतं. त्यातले २५० महामार्गाचे, ११० घाटाचे. गाडी महामार्गावर लिटरला १७ आणि घाटात १२ देते असं धरलं, तर जवळजवळ २४ लिटर लागतं. लिटरला १०५ रुपयांनी ते २,५०० होतात. सरसकट १७ धरणाऱ्याचा हिशोब २,२२० वर येतो आणि पावणेतीनशेचा खड्डा पडतो. डिझेल किंवा सीएनजीवाला तुमच्या रुपयांचं काही करू शकत नाही, किलोमीटरचं करू शकतो. टोलचंही तसंच. सांगलीहून पेठ नाक्यामार्गे येणाऱ्याला साताऱ्यापर्यंत तासवडे हा एकच नाका लागतो, आणि २४ तासांच्या आत परत आल्यास दोन्ही वेळचे मिळून एकेरीच्या दीडपट पडतात. मुक्काम करून दुसऱ्या दिवशी उशिरा परतणाऱ्याला पूर्ण दुप्पट लागेल, म्हणून तुमचा आकडा ‘त्याच दिवशी परत’ असा नोंदवा.

यूपीआयच्या यादीवरून हिशोब केला असेल तर रोखीचे पैसे हमखास सुटतात. कासवर नेटवर्कचा भरवसा नसतो, त्यामुळे चहा, मक्याचं कणीस, शौचालय, गडावरची दानपेटी हे सगळं रोखीने जातं. घरून निघताना पाकिटात किती होते आणि परतल्यावर किती उरले, एवढं विचारून बघा. दोनतीनशे रुपये निघालेच तर ते ‘किरकोळ’ म्हणून माणसाच्या खात्यात टाका.

कुणी एसटीचा खर्च विचारेल. तिथे पूर्ण तिकीट लिहा आणि सवलत वेगळी सांगा. महिलांना मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत. चौघी बहिणी जाऊन आल्या आणि त्यांनी ‘एसटीने इतकेच लागले’ लिहिलं, तर पुरुषाच्या दृष्टीने ते निम्मंच आहे. खर्चाखाली महिना आणि वर्ष असावंच. २५ जानेवारी २०२५ पासून एसटीचं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं, त्याआधीचे तारीख नसलेले हिशोब आज नुसते गोंधळ करतात.

अपेक्षाभंग लिहायचाच. नावं ठेवणं आणि नोंद करणं यात फरक एवढाच, की नोंदीत कारण असतं. ‘कास ओव्हररेटेड’ हे नावं ठेवणं. तिथे नेमकं काय झालं ते बघा. पठारावरची पुष्कळ फुलं बोटभर उंचीची असतात. सीतेची आसवं, गेंद ही रस्त्यावरून उभ्याने बघितली तर नुसतं हिरवं गवत दिसतं, गुडघ्यावर बसावं लागतं. जांभळ्या-पिवळ्या गालिचाचे फोटो एखाद्या ठरावीक आठवड्याचे, खालच्या कोनातून काढलेले असतात. टोपली कारवीचे असतील तर ती सात वर्षांनी एकदा फुलते. त्या वर्षीचा फोटो बघून दुसऱ्या वर्षी आलेला माणूस निराश होणारच. म्हणून तारीख लिहा, त्या दिवशी कोणती फुलं दिसली ती लिहा, गालिचा होता की तुरळक ते लिहा, आणि जमलं तर उभ्याने डोळ्यांच्या उंचीवरून काढलेला एक साधा फोटो लावा. राजमार्गाने कुमुदिनी तळ्यापर्यंत चालत गेला होतात की फाटकाजवळूनच परतलात, हेही सांगा. दोघांचं कास वेगळं असतं.

सज्जनगडाबद्दल तुमची तक्रार नाही, पण तिथे आईंच्या निमित्ताने सगळ्यात उपयोगी नोंद होऊ शकते. पायऱ्या किती यापेक्षा ६६ वर्षांच्या बाईंना वर जायला किती मिनिटं लागली, मध्ये किती वेळा बसावं लागलं, उतरताना गुडघे बोलले का, हे लिहा. तटबंदी, बुरूज हिंडायला येणाऱ्यांनाही एक सूचना हवी: हा किल्ला असला तरी आता मुख्यतः समर्थांच्या समाधीचं तीर्थस्थान आहे.

ठोसेघरचं धुकं म्हणजे दरीत अडकलेला ढग. तो कधी वीस मिनिटांत उठतो, कधी दिवसभर बसतो. त्यामुळे ‘दिसलं नाही’ याच्यापेक्षा ‘किती वेळ थांबून दिसलं नाही’ हे महत्त्वाचं. पावसाळ्यात पाणी भरपूर आणि धुकंही भरपूर, दिवाळीनंतर हवा स्वच्छ पण धार बारीक; या दोन्हींच्या मधले दिवस साधावे लागतात. शिवाय धबधबा समोरच्या गॅलरीतून, दरीपलीकडे बघायचा असतो. पाण्याखाली भिजायला मिळेल असं समजून आलेली मुलं धुकं नसलं तरी हिरमुसतात.

दोष जागेचा, हंगामाचा की आपल्या वेळापत्रकाचा, हे स्पष्ट सांगा. तुमच्या बाबतीत तिसराही आहे. साडेपाचला पोचल्यामुळे ढग उठायची वाट बघायला उजेडच उरला नव्हता. हॉटेलबद्दल लिहायचं असेल तरी हेच: ‘बेकार’ नको, ‘थाळी यायला ४० मिनिटं, भाकरी गार’ असं.

ठोसेघरची नोंद अशी होईल: ‘सप्टेंबरचा दुसरा रविवार, संध्याकाळी ५.३० ते ६.१०. चाळीस मिनिटं थांबलो, पाण्याचा आवाज आला, धबधबा दिसला नाही. पुन्हा गेलो तर सज्जनगडाच्या आधी, चारपर्यंत पोचू. साताऱ्यातून निघतानाच त्या बाजूचे डोंगर ढगात दिसले आणि सांगलीला परतायचं असेल, तर हे ठिकाण गाळावं; सज्जनगडावरून थेट मागे फिरल्यास एक तास वीस मिनिटं वाचतात.’