घड्याळाचे घोषवाक्य चिनी भाषेत नेताना

प्रश्न : “आमच्या भिंतीवरच्या घड्याळाचे इंग्रजी घोषवाक्य ‘गिव्ह द गिफ्ट ऑफ टाइम’ असे आहे. तेच चिनी भाषेत शांघाय आणि हाँगकाँग दोन्हीकडे चालवायचे आहे. अपशकुनी उच्चार कसे टाळावेत?”

उत्तर : शब्द बदलण्याआधी त्यातली ‘भेट’ काढून टाका. शांघायमध्ये चालणाऱ्या प्रमाण चिनीत, म्हणजे मँडरिनमध्ये, भेट देण्याला ‘सोंग’ आणि भिंतीवरच्या घड्याळाला ‘चोंग’ म्हणतात. दोन्ही शेजारी आले की ‘सोंग चोंग’ होते, आणि मरणासन्न आईवडिलांच्या अखेरच्या सेवेसाठी व उत्तरक्रियेसाठी वापरला जाणारा शब्द उच्चाराने नेमका तोच आहे. चार (स्स) हा आकडा मृत्यूच्या शब्दाजवळ जातो खरा, पण तिथे निदान स्वराची चढउतार वेगळी असते. इथे तेवढाही फरक नाही, आणि हाँगकाँगच्या कँटोनीजमध्येही सुटका नाही. मनगटी घड्याळाचा शब्द वेगळा असल्यामुळे ते विकणाऱ्यांना ही अडचण येत नाही.

असे सापळे शोधायला मसुदा कागदावर न दाखवता दोन्ही भाषांच्या भाषकांना फक्त ऐकवावा आणि ऐकलेले लिहून द्यायला सांगावे. मँडरिनपुरती सोपी चाचणी म्हणजे फोनच्या चिनी कीबोर्डवर `songzhong` असे सलग टाइप करणे. समोर येणाऱ्या पर्यायांत तो अशुभ शब्द दिसतो. दोन शब्दांच्या सांध्यावर तयार होणारे उच्चारही याच रीतीने पाहावेत, कारण सुटे शब्द तपासणारा अनुवादक बहुधा तिथेच चुकतो.

कँटोनीजची तपासणी स्वतंत्रच हवी. हाँगकाँगच्या ‘गोल्डलायन’ या टायच्या ब्रँडचे चिनी नाव आधी ‘सोनेरी सिंह’ या अर्थाचे होते. मँडरिनमध्ये त्यात काही खटकत नाही, पण कँटोनीजमध्ये सिंहाचा ‘सी’ हरण्याच्या ‘स्यू’जवळ जातो. संस्थापक त्सांग हिन-ची यांनी ‘सोने’ ठेवले आणि ‘लायन’चा इंग्रजी ध्वनी धरून पुढे ‘नफा येवो’ अशा अर्थाची अक्षरे लावली. अर्थ सोडून ध्वनी धरण्याची ही युक्ती मला शब्दशः अनुवादापेक्षा केव्हाही सरस वाटते.

तुमच्यासाठी मी ‘यी च्येन चोंग छिंग’ सुचवेन. ‘पाहताक्षणी प्रेम’ या अर्थाच्या या रूढ म्हणीत ‘चोंग’ आहे, आणि मुख्य भूमीवरच्या सरलीकृत लिपीत त्याचे अक्षर घड्याळाच्या अक्षरासारखेच आहे. त्यामुळे एकही अक्षर न बदलता श्लेष साधतो. हे महत्त्वाचे आहे, कारण २०१४ मध्ये चीनच्या प्रसारण नियामकाने कार्यक्रमांत आणि जाहिरातींत म्हणींची अक्षरे बदलून केलेल्या कोट्यांना मनाई केली होती, आणि शान्शी प्रांताच्या पर्यटनाचे गाजलेले घोषवाक्यही त्या आदेशात उदाहरण म्हणून आले होते.

हाँगकाँगच्या पारंपरिक लिपीत मात्र प्रेमाचा ‘चोंग’ आणि घड्याळाचा ‘चोंग’ यांची अक्षरे वेगळी आहेत. तिथे श्लेष कानाला कळेल, डोळ्याला नाही. म्हणून पोस्टरवर प्रेमाचेच अक्षर छापावे आणि घड्याळ चित्रात मोठे दाखवावे. सरलीकृत मजकूर सॉफ्टवेअरने रूपांतरित केला तर चुकीचे अक्षर पडू शकते, तेव्हा ते एक अक्षर छपाईआधी हाँगकाँगच्या माणसाकडून तपासून घ्यावे.