दहा फूट सहा इंच म्हणजे १०.६ नव्हे : ठेकेदाराचा कागद आणि सोनेतारण कर्ज

प्रश्न : जुन्या घराला लागून दोन खोल्या काढायच्या आहेत, बाहेरून २६ बाय १५ फूट. ठेकेदारानं हातानं लिहून ५,४५,००० चा अंदाज दिला, मालासकट. माझ्याकडं तीन लाखांची एफडी आहे. बाकीच्यासाठी घरातलं सोनं ठेवून अडीच लाख उचलायचा विचार आहे. कापूस निघाला की फेडीन. तो दीड लाख आगाऊ मागतो. कागदाचा फोटो जोडला आहे. सही करू का?
— एक कास्तकार, आर्णी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर :

आत्ता सही करू नका आणि सोनंही काढू नका. ठेकेदार लबाड आहे असं मला वाटत नाही, पण त्याच्या कागदावरचे आकडे सरळ केले की तुमची कर्जाची गरज बरीच कमी होते. कशी, ते ओळीओळीनं बघू.

कागदावरची सर्वांत मोठी रक्कम जुडाईची आहे. ती ओळ अशी :

९२' × १०'६" × ९" = ८७७.६८ घ.फू. = ८.७८ ब्रास × १८,००० = १,५८,०४०

मोबाईलवर ८.७८ गुणिले १८,००० केलंत तर उत्तर बरोबर १,५८,०४० येतं. बहुतेक लोक एवढंच तपासून समाधानी होतात. चूक त्याच्या आधीच्या पायरीत आहे. ८७७.६८ हा आकडा कुठून आला हे शोधायला ९२ × १०.६ × ०.९ करून बघा, नेमका तोच येतो. म्हणजे ठेकेदारानं इंच थेट पॉइंटच्या पुढं लिहिले. पण फुटात इंच बारा असतात, दहा नाहीत. इंचाचा फूट करायचा तर बाराने भागावं लागतं : ६ इंच म्हणजे ०.५ फूट, ९ इंच म्हणजे ०.७५ फूट, ५ इंच म्हणजे ०.४१७ फूट. उलटं बघितलं तर ०.९ फूट म्हणजे पावणेअकरा इंचांहून जाड भिंत. तेवढी वीट तुमच्या भिंतीत बसणारच नाही.

आता तीच ओळ नीट मांडू. ९२ × १०.५ × ०.७५ = ७२४.५ घनफूट. १८,००० ब्रासचा दर म्हणजे १८० रुपये घनफूट, कारण रेती-गिट्टीसारखाच जुडाईचा ब्रासही १०० घनफुटांचा. रक्कम झाली १,३०,४१०. एका पॉइंटच्या सवयीनं २७,६३० रुपये वाढले होते.

त्यातून दारं-खिडक्यांच्या पोकळ्या वजा व्हायला हव्यात. नकाशात साडेतीन बाय सातची दोन दारं आणि चार बाय चारच्या तीन खिडक्या आहेत. दारांचे ४९ आणि खिडक्यांचे ४८ मिळून ९७ चौरस फूट. त्याला ०.७५ नं गुणलं की ७२.७५ घनफूट, म्हणजे १३,०९५ रुपये. ठेकेदारानं हे वजाच केलेलं नाही. काही जण म्हणतात, पोकळीभोवतीची कारागिरी जास्त असते म्हणून वजा करत नाही. नुसत्या मजुरीच्या ठेक्यात हे एक वेळ ऐकून घेता येईल. तुमचा दर मालासकट आहे आणि दाराच्या जागी वीट लागत नाही. जुडाईचा खरा आकडा १,१७,३१५.

तीच सवय स्लॅबमध्ये दिसते. २८ × १७ फूट म्हणजे ४७६ चौरस फूट, हे छज्जा धरून बरोबर आहे. जाडी ५" लिहिली, पण गुणाकारात ०.५ घेतली, म्हणून २३८ घनफूट आणि ३४० च्या दरानं ८०,९२०. अर्धा फूट म्हणजे सहा इंच. तुमच्याकडून पैसे सहा इंची स्लॅबचे घेतले जातील आणि पडेल पाच इंची. पाच इंचांनी १९८.३३ घनफूट आणि ६७,४३२ रुपये होतात. कॉलम किंवा बीम पुढं निघालेच तर त्यांचं माप वेगळं लिहून घ्या, स्लॅबच्या जाडीत मिसळू देऊ नका.

तो लबाड वाटत नाही असं वर म्हटलं, त्याचं कारण या चुकीतच आहे. ती दर वेळी त्याच्या फायद्याची नसते. कुठं १० इंच आले असते, तर या पद्धतीनं तो ०.१० धरून बसला असता. खरं माप ०.८३. म्हणजे तो स्वतःच मोठ्या खड्ड्यात गेला असता. हिशेब शिकवणाऱ्यानं त्याला तसंच शिकवलं असावं. म्हणून त्याच्याशी भांडू नका. टेप काढा, सहा इंचांवर बोट ठेवा आणि विचारा, "भाऊ, हा अर्धा फूट की पॉइंट सहा फूट?"

छपाईच्या ओळीत चूक वेगळ्या जातीची आहे. तिथं १,९५० चौ.फू. × ४५ = ९७,७५० लिहिलंय. हे कॅल्क्युलेटरशिवायही पकडता येतं. १,९५० म्हणजे दोन हजारांहून कमी. दोन हजार पंचेचाळीस वेळा घेतले तरी नव्वद हजारच होतात, मग उत्तर सत्त्याण्णव कसं? खरं उत्तर ८७,७५० आहे, हातच्यात दहा हजार वाढले. कागदावरच्या प्रत्येक गुणाकाराला आधी अशी ढोबळ कसोटी लावा : जवळचा गोल आकडा घ्या आणि उत्तर त्याच्या कोणत्या बाजूला पडायला हवं ते ठरवा. शिवाय माप १०.५ फुटांनी घेतलं तर दोन्ही बाजू मिळून १,९३२ चौरस फूट होतात. पोकळ्यांचं म्हणाल, तर आयएस १२०० या मोजमापाच्या मानकात एवढ्या आकाराच्या दारा-खिडक्यांसाठी एकाच बाजूची वजावट करतात. दुसरी बाजू कडांच्या छपाईपोटी सोडून देतात. तोच नियम धरा, भांडण होणार नाही. १,८३५ × ४५ = ८२,५७५.

खोदकाम ९२ × ३ × ४ = १,१०४ घनफूट, ११.०४ ब्रास, हजाराच्या दरानं ११,०४०. बरोबर. इथं १,००० नंतरची "/-" ही खूण एकासारखी दिसते, तेवढी नजर ठेवा. तसंच '"' ही खूण मापाच्या रकान्यात इंच असते आणि दराच्या रकान्यात "वरीलप्रमाणे". तुमच्या कागदावर ती दोन्ही अर्थांनी आली आहे. फरशीचे ३३० × ९० = २९,७०० बरोबर.

उरल्या तीन ओळी. "लोखंड ६०० किलो × ६८ = ४०,८००" हा गुणाकार बरोबर आहे, पण स्लॅबच्या ओळीतही "सळई-सेंट्रिंगसह" असं लिहिलंय. मग हे सहाशे किलो कशाचे? लिंटेल आणि पट्ट्यांचे असतील तर तसं लिहून द्यावं. स्लॅबचेच असतील तर ही ओळ दुसऱ्यांदा लागली आहे. दारं-खिडक्या ४८,००० आणि पाया-जोतं-मुरूम भरण ७५,००० हे दोन्ही "ठोक" आहेत. ठोक रकमेला गुणाकारच नसतो, म्हणून तपासायचं काही नाही. दारांचं लाकूड की लोखंड, एवढं विचारून ती ओळ सोडा. पायाची ओळ मात्र सोडू नका. तुमच्याकडं काळी माती आहे. ती पाण्यानं फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पाया मुरूम लागेपर्यंत न्यावा लागतो. चार फुटांवर मुरूम लागेल की साडेपाचवर, हे खणल्याशिवाय कळत नाही. एक फूट खोल गेलं तर खोदकाम २,७६० नं वाढेल, पायाची जुडाई त्याहून जास्त. ठोक रकमेत "चार फुटांपर्यंत, पुढं दर अमुक" असं आत्ताच लिहून घेतलं नाही, तर खड्डा उघडा असताना ठेकेदार सांगेल तो दर मान्य करावा लागेल.

आठही ओळींची बेरीज ५,४१,२५० येते. खाली ५,४५,००० लिहिलं, म्हणजे "राउंड" करताना ३,७५० वर गेले. हे सगळं सरळ केलं की आकडा ४,७१,८६२ होतो. लोखंडाची ओळ दुबार निघाली तर ४,३१,०६२.

आता तुमचा खरा प्रश्न. पायासाठी आणि ऐनवेळच्या वाढीसाठी दहा टक्के, म्हणजे साधारण ४७,००० बाजूला धरा. वरचा आकडा ५ लाख १९ हजार होतो. एफडीचे तीन लाख गेले की उरतात २ लाख १९ हजार, आणि लोखंड दुबार निघालं तर पावणेदोन लाखांच्या आसपास. हे सगळे पैसे पहिल्या दिवशी लागणार नाहीत. आज अडीच लाख उचलून बचत खात्यात ठेवलेत तर पूर्ण रकमेवर व्याज भराल. समजा दर १० टक्के असेल, तर वापर नसलेल्या एका लाखावर दरमहा आठशेच्या वर जातात. म्हणून आधी एफडी वापरा. पाया आणि भिंती तीन लाखांत बसतात. सोनं स्लॅबच्या आठवड्यात ठेवा, तोवर खोदकामाचा आणि लोखंडाचा खरा आकडाही हाती येईल. फेड कापसावर असेल, तर कर्ज घेतानाच विचारा की व्याज दरमहा भरायचं की मुद्दलासोबत शेवटी. दिवाळीआधी तुमच्या हातात रोकड नसते.

दीड लाख आगाऊ देऊ नका. खोदकाम आणि पाया मिळून ८६,०४० होतात. माल आणायला चाळीस हजार पुरेत, बाकी जोत्यापर्यंत काम आल्यावर. त्यानंतरचे हप्ते भिंती, स्लॅब आणि छपाई पूर्ण झाल्यावर द्या.

दुरुस्त कागदावर "बिल प्रत्यक्ष मोजमापावर" असं लिहून घ्या आणि त्याखाली "इंच ÷ १२" हेही लिहा. नाहीतर अंदाजात सुधारलेलं ०.९ बिलात परत येईल. पाणी आणि वीज कोणाची, हे कागदावर कुठंच नाही. उन्हाळ्यात स्लॅबच्या तराईला टँकर लागला तर तो खर्च कोणाचा, तेही आत्ताच ठरवा. आणि स्लॅब पडण्याआधी सेंट्रिंगच्या कडेच्या फळीवर टेप लावून पाच इंच स्वतः मोजा. काँक्रीट पडल्यावर ती जाडी फक्त छज्ज्याच्या कडेला दिसते, तीही छपाई होईपर्यंतच.