आजीची स्वयंपाकघरातली गाणी पत्रातून तिच्यापुढे कशी मांडावीत?

प्रश्न : माझी आजी स्वयंपाकघरात काम करताना गात असे. ती गाणी मला तुकड्या-तुकड्यांनीच आठवतात. त्यांची आठवण काढणारे पत्र तिला लिहायचे आहे. ते कसे लिहावे, म्हणजे तिलाही ती आठवतील आणि ती कळवू शकेल?

उत्तर :

मी माझ्या आजीला असेच पत्र लिहिले होते आणि त्यातून एक गाणे जवळजवळ पूर्ण मिळाले. त्या आधारावर पहिली गोष्ट सांगते. ‘तू कोणकोणती गाणी म्हणायचीस?’ असा प्रश्न पत्रात विचारू नये. कामाच्या ओघात म्हटली जाणारी गाणी यादीच्या रूपाने मनात साठवलेली नसतात, त्यामुळे या प्रश्नाला बहुतेक वेळा ‘असंच काहीबाही म्हणत असे’ एवढेच उत्तर येते. पाठ असलेले गाणे सुरुवातीपासून, एका ओळीमागून दुसरी ओळ ओढत बाहेर येते. मधली ओळ हवी असली, तरी माणसाला मनातल्या मनात पहिल्या ओळीपासून निघावे लागते. डेव्हिड रुबिन या मानसशास्त्रज्ञाने 1977 साली पाठांतराचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातही लोकांना सुरुवात सर्वांत चांगली आठवते आणि आठवण तुटली तर ती बहुधा चरणाच्या शेवटी तुटते, असेच दिसले. म्हणून तुम्हाला आठवणारा तुकडा गाण्याच्या आरंभाचा असेल, तर पत्रात तो सर्वांत आधी लिहावा. तो मधलाच असेल, तर त्या वेळी आजीचे हात कोणते काम करत होते ते लिहावे, कारण तुमच्याजवळ ओळ नसली तरी ते काम आठवले की तिला चाल सापडण्याची शक्यता बरीच असते.

माझ्या पत्रातला नेमका भाग पुढे देते.

‘ती. आजीस, सा. न. कणीक मळताना तू एक गाणे म्हणत असायचीस. त्याची पहिली ओळ मला अशी आठवते : सांज झाली, दिवा लाव, कोण येतं दारी? दुसऱ्या ओळीचा आरंभ गेला आहे. शेवटी मला “वेलाची बारी” असे ऐकू येत असे. मी ओट्याजवळ उभी असायचे आणि “दारी” या शब्दाला तुझी मूठ कणकेत रुतायची. पुढच्या ओळीतही शेवटच्या शब्दाला तसेच व्हायचे. मधली जागा कोरी ठेवते आहे.

सांज झाली, दिवा लाव, कोण येतं दारी?
………… …………, वेलाची बारी.’

यात तीन गोष्टी मी जाणूनबुजून केल्या होत्या. कोरी जागा ओळीच्या लांबीइतकी ठेवली, म्हणजे किती अक्षरे हवीत ते डोळ्यांना आणि कानांना कळते. यमक जागच्या जागी ठेवले, कारण हरवलेला शब्द शोधताना यमक आणि ताल मिळून बाकीचे बहुतेक शब्द बाद करतात. आणि लहानपणी ऐकू आलेले अर्थहीन शब्द ऐकू आले तसेच लिहिले. इथे सुशिक्षित माणसाचा हात शिवशिवतो, त्याला त्या शब्दांतून काहीतरी शहाणा अर्थ काढावासा वाटतो. तसे मुळीच करू नये. चुकीच्या शब्दातला नाद मूळ शब्दाच्या जवळचा असतो. आपण बसवलेला अर्थपूर्ण शब्द मात्र नादाने दूर गेलेला असू शकतो, आणि नात लिहिते म्हणजे तसेच असेल, असे म्हणून आजी तो मान्यही करून टाकते. आजीचे उत्तर आले त्यात दुसरी ओळ होती : ‘पाण्याहून परतली वेल्हाळ नारी’. ‘बारी’ सुटून ‘नारी’ जागेवर आली आणि तिच्यामागून पुढची दोन कडवीही आली.

हे उत्तर मिळवण्यात पत्र वाचून दाखवणाऱ्याचा वाटा मोठा असतो. आजी स्वतः वाचत असेल तर अक्षर मोठे आणि ओळींत अंतर भरपूर ठेवावे. दुसरे कोणी वाचून दाखवणार असेल, तर त्याच्यासाठी वेगळी चिठ्ठी जोडावी. मी जोडली होती. कोऱ्या जागेपाशी थांबावे, आपण शब्द सुचवू नयेत आणि शक्य असेल तर आजी काही काम करत असताना वाचावे, एवढेच तीत लिहिले होते. ‘आधी गाऊ द्यावे, मग लिहावे’ हेही त्यात सांगायला हवे. नुसते शब्द सांगायला लावले की चाल सुटते आणि ओळींऐवजी गोष्ट येऊ लागते : ‘मग ती बाई पाणी घेऊन येते, मग सासू विचारते…’ कागदावर असे गद्य उतरू लागले, तर तिला गाण्यातून बाहेर काढले गेले आहे हे ओळखावे आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून गायला सांगावे. लिहिणाऱ्याने मध्येच थांबवल्यावर ती कडव्याच्या आरंभी परत गेली, तर जाऊ द्यावे. तिला पुढची ओळ त्याच वाटेने सापडणार असते.

आजीने दुसऱ्या वेळी तेच गाणे थोडे वेगळे म्हटले, तर पहिले खोटे आणि दुसरे खरे असा निवाडा करू नये. मिलमन पॅरी आणि अल्बर्ट लॉर्ड या मौखिक काव्याच्या अभ्यासकांनी 1930 च्या दशकात युगोस्लाव्हियातल्या गायकांच्या दीर्घ कथागीतांचे ध्वनिमुद्रण केले. आपण शब्दन्‌शब्द तेच गातो असे गायक म्हणत, पण दोन मुद्रणांतले शब्द वेगळे निघत. स्वयंपाकघरातली गाणी त्यांच्यापेक्षा कितीतरी लहान आणि यमकाने घट्ट बांधलेली असल्यामुळे एवढी बदलत नाहीत, तरीही नावे, नाती आणि कडव्यांचा क्रम हलतो. दोन्ही पाठ तारखेसह जपावेत. कुठल्या छापील संग्रहात तसेच गाणे सापडले, तर ते या पत्रासोबत मुळीच पाठवू नये. छापलेला शब्द वडीलधाऱ्यांना अधिकाराचा वाटतो आणि त्या आपला शब्द मागे घेतात.

एका पत्रात एकच गाणे घ्यावे, फार तर दोन. चार-पाच तुकडे एकत्र पाठवले की सारख्या तालाच्या ओळी एकमेकींत मिसळतात आणि एका गाण्याचे कडवे दुसऱ्याला चिकटते. हे गाणे तिने कोणाकडून उचलले, हा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो, पण तो दुसऱ्या पत्रासाठी ठेवावा. गाणे परत आल्यानंतर त्याचे उत्तर अधिक भरून येते. एखादे गाणे ती टाळत असेल, ‘ते राहू दे’ असे कळवत असेल, तर त्यामागे एखाद्या माणसाची आठवण असू शकते. तेव्हा आग्रह धरू नये, दुसरे गाणे घ्यावे.

पत्र टाकण्यापूर्वी त्याची प्रत मात्र आपल्याजवळ ठेवा. उत्तरात ‘तू सोडलेल्या दुसऱ्या जागेत असं आहे’ एवढेच लिहिलेले असू शकते, आणि ती दुसरी जागा कोणती ते मूळ पत्र समोर असल्याशिवाय कळत नाही.